लातूरहून नांदेडला जाणारा निळा पट्टा

ती स्लाइड अजून माझ्या लॅपटॉपवर आहे. पुसायला दोन-तीनदा बसले होते, पुसली नाही. तिच्यात एकही आकडा खोटा नाही, आणि हेच मला आजवर नीट पचलेलं नाही.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. माहूरच्या खालच्या अंगाला आमचं गाव, घरी चार एकर जमीन. दहावीनंतर शिक्षण थांबायचंच होतं, पण नांदेडला एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह होतं. त्याच संस्थेचं दुसरं वसतिगृह लातूरला. नांदेडच्या वसतिगृहात मी पाच वर्षं राहिले, बी. कॉम. झाले, पुढं बाहेरून एम. कॉम. केलं आणि संस्थेनंच मला लातूरच्या कार्यालयात हिशेबाच्या कामाला घेतलं. माझ्यात जे काही चांगलं आहे ते तिथलं आहे, हे मी लाजत नाही सांगायला.

आमचे सचिव निवृत्त मुख्याध्यापक. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. नांदेडला माझ्या प्रवेशाचा अर्ज त्यांनीच मंजूर केला होता. विश्वस्तांच्या वार्षिक बैठकीच्या दहा दिवस आधी त्यांनी मला बोलावलं.

"बाळ, गेल्या वर्षी आपण चौदा पानांचा ताळेबंद वाटला. काय झालं, आठवतं?"

"दोघं झोपले होते, सर."

"तिघं. मी पण." ते हसले. "यंदा एकच पान पाहिजे. पडद्यावर. पैसा कुठून आला, कुठं गेला. अध्यक्षसाहेबांनी कुठंतरी तसं चित्र पाहिलंय, पट्ट्यापट्ट्यांचं. तसं जमेल का तुला?"

जमेल म्हणाले. मग तीन दिवस व्हिडिओ बघून शिकले. त्या आकृतीला सँकी म्हणतात. डावीकडं पैसा येण्याच्या जागा, उजवीकडं खर्चाच्या जागा आणि मधे वाहणारे पट्टे. पट्ट्याची जाडी रकमेएवढी. दहा लाखांचा पट्टा पाच लाखांच्या पट्ट्याच्या बरोबर दुप्पट जाड, त्यात कमी-जास्त नाही. आणि मधल्या कुठल्याही खोक्यात जेवढं शिरलं तेवढंच बाहेर पडलं पाहिजे. एक्सेलमध्ये हा आलेख तयार मिळत नाही. एका मोफत वेबसाइटवर एकेक ओळ टाकायची, कुठून, किती, कुठं, की चित्र आपोआप उभं राहतं. ते चित्र उचलून स्लाइडवर चिकटवायचं.

आमचा हिशेब मोठा नव्हता. लातूरच्या मुलींची फी बासष्ट लाख. लातूरला येणाऱ्या मुली मोठ्या क्लासेससाठी येतात, त्यांची फी भरभक्कम असते. देणग्या वीस लाख. नांदेडच्या मुलींची फी सहा लाख. मागची शिल्लक चार. एकूण ब्याण्णव. खर्चाकडं लातूर वसतिगृह सेहेचाळीस, नांदेड वसतिगृह बावीस, लातूरची नवी अभ्यासिका अठरा, कार्यालय चार, उरले दोन. तेही ब्याण्णव. मागची शिल्लक डावीकडं आणि उरलेले पैसे उजवीकडं घेतले नाहीत तर दोन्ही बाजू जुळतच नाहीत, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

पहिल्या चित्रात मी मधे एकच मोठं खोकं ठेवलं होतं आणि नाव दिलं 'सामायिक निधी'. सगळे पट्टे डावीकडून त्यात शिरायचे आणि उजवीकडं फुटायचे. बँकेत खातं एकच, त्यामुळं खरं होतं ते तसंच होतं.

सरांनी चष्मा वर करून बघितलं. "हे मधलं काय?"

"आपलं खातं, सर. सगळं त्यात येतं, त्यातून जातं."

"म्हणजे देणगीदारानं विचारलं, माझे पैसे कुठं गेले, तर आपण म्हणायचं, खोक्यात?" त्यांनी मान हलवली. "लोक म्हणतील, याच खोक्यात मुरतंय सगळं. ते काढून टाक. सरळ दाखव. यांचे पैसे इकडं, त्यांचे तिकडं."

"पण सर, कोणाचे कुठं गेले ते कसं ठरवायचं?"

"तू हिशेबाची आहेस ना? जुळव. देणगीदारांना अभ्यासिका आवडते, त्यांचं तिकडं लाव. बाकीचं आपोआप बसतं."

माझ्या चुकीची सुरुवात इथं झाली, आणि ती चूक करताना मला आनंद झाला होता. कोडं सुटल्यासारखा. देणग्यांचे वीस घेतले, अठरा अभ्यासिकेला, दोन कार्यालयाला. मागच्या शिलकेतले दोन कार्यालयाला, दोन उरले. नांदेडच्या फीचे सहा नांदेडला. लातूरच्या फीतले सेहेचाळीस लातूरला. मग लातूरच्या फीतले सोळा उरले आणि नांदेडला सोळाच कमी पडत होते. ठोकून बसवल्यासारखं बसलं. एकही पट्टा उघडा राहिला नाही. लातूरच्या फीला मी निळा रंग दिला होता. वेबसाइटच्या पद्धतीनं पट्टा जिथून निघतो त्याचा रंग घेतो, म्हणून निळा पट्टा जाड होऊन निघाला, त्याचा एक फाटा वळून खाली आला आणि नांदेडच्या खोक्यात शिरला. नांदेडच्या मुलींचा हिरवा पट्टा त्याच्याशेजारी दोऱ्यासारखा दिसत होता.

मला ते दिसलं होतं. काहीतरी खटकलं. पण बेरीज बरोबर होती, आणि बरोबर बेरजेवर शंका घ्यायला मला कोणी शिकवलं नव्हतं.

बैठक नव्या अभ्यासिकेतच होती. सात विश्वस्त, अध्यक्षसाहेब, सर, आणि कोपऱ्यात लॅपटॉपजवळ मी. स्लाइड लागली. यंदा कोणी झोपलं नाही. सगळे पुढं वाकले. मला अभिमान वाटला, आणि तो साधारण अर्धं मिनिट टिकला.

मुरुडचे एक व्यापारी विश्वस्त आहेत, सोयाबीन आणि तुरीची आडत. त्यांची नात लातूरच्या वसतिगृहात होती. ते उठले, पडद्याजवळ गेले आणि निळ्या पट्ट्यावर बोट ठेवलं. बोट ठेवूनच पट्ट्याबरोबर हळूहळू खाली सरकले, नांदेडच्या खोक्यापर्यंत.

"हे काय हाय, बाई?"

"लातूरच्या फीतले सोळा लाख, नांदेडला…"

"म्हणजे माझ्या नातीची फी नांदेडच्या पोरी खायल्यात?"

कोणी हसलं नाही. सर म्हणाले, "आडतदार, तसं नसतं ते. संस्था एकच आहे."

"संस्था एक आसंल. पट्टा तर स्वच्छ दिसायलाय." त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि फोटो घेतला. आवाज झाला, खटक. तो आवाज मला आजही आठवतो. चौदा पानांच्या ताळेबंदाचा फोटो कधी कोणी घेतला नव्हता.

संध्याकाळच्या आत तो फोटो लातूरच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर गेला. कोणीतरी निळ्या फाट्याभोवती लाल गोल काढला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयाच्या पायऱ्यांवर आठ-दहा पालक होते. त्यांच्यातल्या एक बाई, जळकोटच्या, शिक्षिका असाव्यात, मोबाइल माझ्यापुढं धरून शांतपणे म्हणाल्या, "हे तुम्हीच काढलंय ना? फार छान समजतं हो." त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच समजलं होतं. मागच्या वर्षी दागिना मोडून फी भरली, हेही त्यांनी तितक्याच शांतपणे सांगितलं.

चार दिवसांत अध्यक्षसाहेबांनी विशेष बैठकीचं पत्र काढलं. पंधरा दिवसांनी, विषय एकच, नांदेड वसतिगृह पुढं चालवावं की बंद करावं. पत्र टाइप करायचं काम माझंच होतं. नांदेडला सत्तर मुली होत्या. टाइप करताना माझी बोटं नीट चालत होती, हे मला विचित्र वाटलं.

सर त्या दिवसांत कमी बोलत. एकदाच म्हणाले, "नांदेडला जा. खर्चाची कागदं बघून ये. कुठं काही कमी होतंय का बघ."

मी एसटीनं निघाले. अहमदपूर गेलं, लोहा गेलं. खिडकीतून सगळीकडं काढणी झालेली रानं दिसत होती. मी मांडीवर फाइल धरून बसले होते आणि त्यात बावीस लाखांचे तुकडे होते. पगार, भाडं, वीज, गॅस, भाजी, तेल. त्यात काही कमी होण्यासारखं नव्हतं.

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मावशी होत्या. मी राहायला होते तेव्हापासून त्याच. मला बघून त्यांनी हातातलं पीठ झटकलं.

"आली का माय आमची सायबीण! लई वाळलीस गं. लातूरला खायला घालीत न्हाईत का?"

"घालतात हो मावशी."

"मग त्वांड असं का केलंस, सुतकात आल्यावानी?"

त्यांनी ताटात भाकरी टाकली, वर तुरीच्या डाळीचं वरण, लसणाची चटणी. मी पहिला घास तोंडात घातला आणि थांबले.

"मावशी, ही ज्वारी कुठली?"

"कुठली म्हंजी? पोरींच्या घरची. तुझ्या बापानं न्हवती का आणली, पाच वर्सं? इसरलीस व्हय?"

विसरले होते. हे लिहिताना मला लाज वाटते. या वसतिगृहात फी दोन भागांत असते. थोडी पैशात, बाकीची धान्यात. दीड क्विंटल ज्वारी, पंचवीस किलो तूर. सुगी झाली की नाहीतर शाळा उघडताना बाप धान्याची चुंगडी घेऊन येतात, मावशी काट्यावर वजन करतात, वहीत लिहितात. माझे वडील दर वर्षी जीपच्या टपावर चुंगडी बांधून यायचे आणि उतरवताना म्हणायचे, "दाना चांगला हाय, लेकीसाठी निवडून आनलाय." मी ते धान्य पाच वर्षं खाल्लं. आणि माझ्या चित्रात त्यातला एक दाणा नव्हता. कारण ते पैसे नव्हते. बँकेत आलं नाही, म्हणून संगणकात आलं नाही, आणि संगणकात नव्हतं म्हणून मला ते दिसलं नाही.

मावशींनी वही काढून दिली. सत्तर मुलींची सत्तर पानं, काही ठिकाणी अंगठे. मी तिथंच बसून बाजारभावानं हिशेब केला. पाच लाखांच्या आसपास निघाले. म्हणजे दोऱ्यासारखा हिरवा पट्टा सहाचा नाही, अकराचा होता.

"बंद करायल्यात म्हनं," मावशी मागून म्हणाल्या. त्यांना कळलं होतं. "कुनीतरी चित्र काढलंय, त्याच्यामुळं."

"मी काढलंय, मावशी."

त्यांनी धान्याच्या खोलीचं दार उघडून मला आत बोलावलं. पत्र्याची मोठी कोठी, गळ्यापर्यंत ज्वारी.

"लेकी, मला एक सांग. यातली कुठल्या पोरीच्या बापाची कोनती?"

"कशी सांगणार?"

"मंग तू त्या चित्रात कसं सांगितलंस? आमच्या ताटात लातूरच्या पोरींचे पैसे हायेत म्हनून? कोठीत पडलं की कुनाचं काय ऱ्हातं?"

मी मधलं खोकं काढून टाकलं होतं. ते खोकं म्हणजे कोठी होती. ते काढल्यावर कोणाचे पैसे कुठं गेले हे मी हिशेबातून काढलं नव्हतं, माझ्या मनानं ठरवलं होतं.

परत येऊन मी दोन चित्रं केली. पहिल्यात मधे सामायिक निधीचं खोकं ठेवलं. धान्याचा पट्टा वेगळ्या फिक्या रंगात थेट नांदेडला जोडला, पाच लाख, खाली टीप: बाजारभावानं अंदाज, रोकड नाही. डावीकडं पाच वाढले तसे उजवीकडं नांदेडच्या खर्चातही पाच वाढवले, नाहीतर जुळलं नसतं. निधीतून निघणाऱ्या पट्ट्यांना मुद्दाम एकच करडा रंग दिला.

दुसरं चित्र मी फक्त दाखवण्यासाठी केलं. खोकं नाही, जुनेच आकडे, जुनीच पद्धत, फक्त जोडणी वेगळी. देणग्यांतले सोळा नांदेडला, चार कार्यालयाला. लातूरच्या फीतले सेहेचाळीस लातूरला आणि सोळा लातूरच्याच अभ्यासिकेला. अभ्यासिकेचे राहिलेले दोन मागच्या शिलकेतून, दोन उरले. पुन्हा सगळं जुळलं. लातूरच्या मुलींचा एक रुपयाही नांदेडला जात नव्हता.

सरांना दाखवली तेव्हा त्यांनी दुसऱ्यावर बोट ठेवलं. "तेव्हाच का नाही काढलंस हे?"

"तुम्ही म्हणालात, देणगीदारांचं अभ्यासिकेला लाव."

त्यांचा चेहरा उतरला. मला ते बोलायचं नव्हतं. ज्यांनी माझा अर्ज मंजूर केला त्यांना मी असं बोलले.

"बैठकीत हे माझ्यावर टाक," ते म्हणाले. "तुझ्यावर नको घेऊस."

विशेष बैठकीत मी उभी राहिले. आधी मधल्या खोक्याचं चित्र लावून धान्याचं सांगितलं. एक-दोघांनी मान हलवली. सर मधेच उठून म्हणाले, "मधलं खोकं मी काढायला लावलं. ती चूक माझी." मग मी जुनी स्लाइड आणि उलट जोडलेली स्लाइड शेजारी शेजारी लावली आणि सांगितलं की आकडे तेच आहेत, फक्त रेषा मी वेगळ्या जोडल्यात.

अध्यक्षसाहेब शांतपणे ऐकत होते. ते वाईट माणूस नाहीत, हे मला इथं लिहिलंच पाहिजे. त्यांनी विचारलं, "ही जुळते?"

"हो, साहेब."

"आणि ती पण जुळते?"

"हो."

"मग खरी कोणती?"

"जोडणी म्हणाल तर दोन्ही नाहीत, साहेब. खातं एक आहे. कोणाचे पैसे कुठं गेले ते सांगता येत नाही. खरी ही, मधल्या खोक्याची."

आडतदार मागून म्हणाले, "म्हंजी पहिली काढली तवा बाईला सांगता येत होतं, आता येत न्हाई!"

हसू फुटलं. थोडंच, पण पुरेसं होतं.

"बाई, उद्या तू तिसरी आणशील," अध्यक्षसाहेब म्हणाले, आणि त्यात राग नव्हता, थकवा होता. "लातूरच्या पालकांनी पहिली बघितलीये. त्यांच्या मोबाइलमध्ये आहे ती. त्यांना मी खोकं दाखवू? ते म्हणतील, आता लपवलं."

अगदी हेच सरांनी पहिल्या दिवशी म्हटलं होतं, लोक म्हणतील खोक्यात मुरतंय. मी सरांकडं पाहिलं. ते टेबलाकडं बघत होते.

लातूरच्या चाळीस पालकांनी सह्यांचं पत्र दिलं होतं, फी कमी करा नाहीतर मुली काढून घेतो. ते वाचलं गेलं. ठराव झाला: नांदेडच्या आहेत त्या मुलींचं शिक्षण पूर्ण होऊ द्यावं, नवे प्रवेश यंदापासून थांबवावेत. पुढच्या वर्षी फेरविचार. इतिवृत्त मीच लिहिलं.

शाळा उघडण्याच्या सुमारास मला आठवडाभर नांदेडला पाठवलं होतं, जुन्या मुलींची धान्याची वही संगणकात घ्यायला. निदान ते आता सुरू झालं होतं. सकाळची वेळ. फाटकाशी एक जीप थांबली. टपावर दोन चुंगडी आणि एक लहान गोणी, सुतळीनं नीट शिवलेली. एक माणूस उतरला, मागून त्याची मुलगी, दोन वेण्या, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुणपत्रक. आमच्याच बाजूची माणसं, बोलण्यावरून ओळखलं.

"मॅडम, नवीन हाय. धा'वी पास झाली. धान्य संगंच आनलंय म्हनलं, पुन्ना खेप नको."

"काका, यंदा नवे प्रवेश बंद आहेत."

त्यांना वाटलं उशीर झाला. "फारम कवाच भरायचा होता का?"

"नाही. कोणाचेच घेत नाही आहोत."

"जागा न्हाई का?"

आत बारा खाटा रिकाम्या होत्या, शेवटच्या वर्षाच्या मुली गेल्या होत्या. गाद्या गुंडाळून भिंतीशी लावलेल्या होत्या. मी खोटं बोलू शकले असते.

"जागा आहे," मी म्हणाले.

ते माझ्याकडं बघत राहिले. पुढं ऐकायला थांबले होते. पट्टा, खोकं, जोडणी, काय सांगणार? मुलगी गुणपत्रक पिशवीतून अर्धं बाहेर काढून उभी होती, कोणी मागेल म्हणून.

मावशी दारात आल्या होत्या. सवयीनं त्यांच्या हातात चुंगडं अडकवायचा काट्याचा आकडा होता. ड्रायव्हर टपावर चढून दोर सोडायला लागला, तेव्हा मावशीच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे बाबा. उतरू नको."

माणसानं आम्हा दोघींकडं बघितलं आणि मग ड्रायव्हरला हातानं खूण केली. दोर ओढताना एका चुंगड्यातून थोडी ज्वारी सांडली होती. जीप गेल्यावर मावशींनी ती वेचून पदरात घेतली, आणि वहीत कोणाच्या पानावर लिहायची ते मला विचारलं.